पेव, पोतं आणि थप्पी

एखाद्या गोष्टीचा सुळसुळाट झाला की आपण म्हणतो, अमक्याचं पेव फुटलंय. क्लासेसचं पेव फुटतं, नेत्यांचं फुटतं, दिवाळी अंकांचंही फुटतं. पण ज्यांनी पेव नावाची वस्तू डोळ्यांनी पाहिली आहे अशी माणसं आता थोडी उरलीत. गावठाणातल्या पांढरीत किंवा घट्ट मुरमात खणलेला, तोंडाशी अरुंद आणि पोटाशी ऐसपैस असा खड्डा म्हणजे पेव. तळाला आणि कडेनं कडबा नाहीतर भुसा लावायचा, आत ज्वारी ओतायची, तोंडावर दगड ठेवून वर माती लिंपून टाकायची. पुढं दोन-तीन वर्षं, कधी त्याहून जास्त काळ, त्याकडं कुणी पाहायचं नाही.

पेव उघडायचं म्हटलं की लगेच आत उतरायचं नाही, हे गावात प्रत्येकाला माहीत असे. तोंडावरचा दगड काढून वारा खेळू द्यायचा, मग कंदील दोरीनं आत सोडायचा. तो विझला तर अजून थांबायचं. घाई करून उतरलेली माणसं आतच दगावल्याच्या हकिकती दख्खनच्या खेड्यांतून सांगितल्या जात आणि त्या खोट्या नव्हत्या. माणसाला मारणारी आतली ती हवाच धान्य राखत होती. धान्याचा दाणा जिवंत असतो, अगदी मंदपणे का होईना तो श्वास घेतो. त्यातले किडेही श्वास घेतात, आणि ते दाण्याच्या मानानं फारच जोरात. तोंड बंद असलं की आतला प्राणवायू संपत जातो आणि कार्बन डायॉक्साइड साठत जातो. प्राणवायू दोन-तीन टक्क्यांच्या खाली गेला की किडे मरतात. म्हणजे किडीनंच स्वतःचा बंदोबस्त करायचा, अशी ही व्यवस्था होती. जितकी कीड जास्त, तितका प्राणवायू लवकर संपणार.

पेवाला मर्यादाही होत्या. भिंतीलगतचा ज्वारीचा थर जमिनीतली ओल पिऊन काळा पडे आणि त्याला उग्र दर्प येई. पेवातल्या ज्वारीचा वास ओळखणारे लोक होते आणि बाजारात तिला भाव कमी मिळे. पाणी वर येणाऱ्या जमिनीत पेव चालतच नसे. सगळ्यात मोठी अडचण म्हणजे पेव एकदा उघडलं की रिकामंच करावं लागे. रोज पायलीभर काढून पुन्हा बंद करणं त्याच्या स्वभावात नाही, कारण दर वेळी आत ताजी हवा जाते. म्हणून रोजच्या खाण्यासाठी घरात कणगी, कोठी, भिंतीतलं बळद असे आणि पेव दुष्काळासाठी.

या लेखाचा विषय सरकारी गोदाम आहे. सुरुवात पेवानं केली, कारण गोदामात जे बिघडतं आणि जे साधतं ते पेवाशेजारी ठेवल्याशिवाय नीट उमगत नाही.

पेवाची जागा पोत्यानं घेतली. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला आणि पुढच्या दशकांत हिंदुस्थानातला गहू आगगाडीनं बंदराकडं आणि तिथून विलायतेला जाऊ लागला. बंगालच्या तागाचं पोतं या व्यापाराला अगदी सोयीचं होतं. एका माणसानं पाठीवर घ्यावं, काट्यावर ठेवावं, मोजावं, डब्यात चढवावं. पोत्यासाठी ना यंत्र लागतं ना खास इमारत. त्याची विण सैल असते, त्यामुळं परखीची नळी खुपसून मूठभर दाणे काढता येतात आणि नळी निघाली की भोक आपोआप मिटतं. पण याच सैल विणीतून हवा जाते, दमटपणा जातो आणि किडे जातात. पेव साठवण्यासाठी होतं, पोतं हलवण्यासाठी. हलवण्याच्या वस्तूत आपण साठवू लागलो, तिथून गोदामवाल्याची सगळी डोकेदुखी सुरू होते.

सरकार मोठ्या प्रमाणावर धान्य साठवू लागलं ते दुसऱ्या महायुद्धात. बंगालचा दुष्काळ १९४३चा, मुंबईतलं रेशनिंगही त्याच वर्षीचं. स्वातंत्र्यानंतर ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखाली ग्रामीण पतपुरवठ्याची मोठी पाहणी झाली. त्या समितीत आपले धनंजयराव गाडगीळही होते. १९५४च्या त्या अहवालानं कर्जाबरोबर गोदामांचाही मुद्दा काढला. शेतकऱ्याकडं माल ठेवायला जागा नाही, म्हणून तो सुगीतच पडत्या भावानं विकतो. गोदाम असेल, तिथली पावती तारण ठेवून कर्ज मिळेल, तर तो थांबू शकेल. त्यातून १९५६चा कायदा आला आणि १९५७ साली केंद्रीय वखार महामंडळ उभं राहिलं. भारतीय अन्न महामंडळ १९६५ साली आलं. त्या वर्षांत पोटापुरतं धान्यही पीएल-४८०खाली अमेरिकेतून जहाजानं येत होतं, तेव्हा साठवायला फार काही नव्हतंच. १९६८च्या वसंतात पंजाबात मेक्सिकन वाणांच्या गव्हाचं असं पीक आलं की ठेवायला जागा पुरेना. शाळा बंद करून वर्गांत गहू ठेवावा लागला.

वर्गखोल्या कायम वापरता येत नाहीत. आणि गोदाम बांधायला जितकी वर्षं लागतात तितका वेळ गहू थांबत नाही. मग अन्न महामंडळानं एक तोडगा काढला. विटांचा उंच चौथरा करायचा, त्यावर लाकडी चौकटी मांडायच्या, वर पोती रचायची, आणि सगळ्यावर काळ्या जाड प्लास्टिकचं आच्छादन घालून ते नायलॉनच्या दोरानं बांधायचं. चौथरा आणि आच्छादन या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून याचं नाव पडलं ‘कॅप’. ही सोय गव्हासाठी आणि भातासाठी. सडलेला तांदूळ कॅपमध्ये क्वचितच सापडेल, कारण तांदूळ कॅपमध्ये ठेवायचाच नाही असा नियम आहे. भाताला टरफल असतं. तांदूळ उघडा असतो. ही व्यवस्था थोड्या काळासाठी होती, पुढं ती वर्षानुवर्षं चालली.

आता थप्पीकडं येऊ. हमाल आणि गोदामवाले पोत्यांच्या रचलेल्या ढिगाला थप्पी म्हणतात आणि गोदामाचं खरं एकक तेच आहे. एक नमुन्याची थप्पी घेऊ. तळ ३० फूट लांब आणि २० फूट रुंद. पोतं ५० किलोचं. एका थरात साधारण १५० पोती बसतात आणि असे २० थर चढवले की ३,००० पोती, म्हणजे १५० टन गहू होतो. प्रत्येक थरात पोत्यांची दिशा बदलायची, विटांच्या बांधकामात सांधे जसे एकावर एक येऊ देत नाहीत तसंच. ही काळजी घेतली नाही तर थप्पी मधून फुगते आणि एक दिवस कोसळते, बहुधा हमालांच्याच अंगावर.

या दीडशे टनांत गव्हाची ओल १२ टक्के धरली तर त्यात १८ टन पाणी आहे. म्हणजे जवळजवळ दोन टँकर. हे पाणी दाण्यांत अडकलेलं असतं, पण ते जागचं हलत नाही असं नाही. दाणा भोवतालच्या हवेशी सतत देवाणघेवाण करत असतो. १२ टक्के ओलीचा गहू ज्या हवेशी समतोल राखतो ती बऱ्यापैकी कोरडी असते, सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्या आसपास. ओल १४ टक्क्यांवर गेली की दाण्यांमधल्या फटींतली हवा सत्तर टक्क्यांच्या घरात जाते आणि तिथं बुरशी जागी होते. दोन टक्क्यांचा हा फरक दातांनी दाणा फोडून सहज कळत नाही, म्हणून ओल मोजायचं यंत्र लागतं. एकदा बुरशी लागली की ती स्वतःच पाणी आणि उष्णता सोडते. थप्पीच्या आत हात घातल्यावर गरम लागलं तर तिथं आधीच उशीर झालेला असतो.

म्हणून पोतं फरशीवर ठेवत नाहीत. फरशी कोरडी दिसली तरी तळाचं पोतं खालून ओल खेचतं आणि त्यातल्या गव्हाचं ढेकूळ होतं. खाली लाकडी चौकटी असतात, त्यातून हवा वाहते. भिंतीपासून थप्पी दोन-अडीच फूट लांब ठेवायची, कारण पावसाळ्यात भिंत पाझरते आणि शिवाय त्या फटीतून माणसाला चारही बाजूंनी फिरता आलं पाहिजे. कॅपमध्ये वेगळाच धोका असतो. दिवसा काळं प्लास्टिक तापतं, रात्री एकदम गार होतं, आणि आतल्या उबदार दमट हवेतलं पाणी त्याच्या आतल्या बाजूला दवासारखं जमून वरच्या थरावर ठिबकतं. बाहेर पाऊस नसतानाही वरची पोती भिजलेली निघतात ती यामुळं. म्हणून ऊन पडलं की आच्छादन उचलून थप्पीला वारा द्यायचा आणि संध्याकाळी पुन्हा बांधायचं. हे रोजचं अंगमेहनतीचं काम आहे. पाऊस लांबला, माणसं कमी पडली, की पहिल्यांदा हेच राहतं.

ओलीचा एक विचित्र परिणाम हिशेबात दिसतो. पंजाबचा गहू एप्रिल-मेच्या उन्हात ९ टक्क्यांपर्यंत कोरडा होऊन येतो. पावसाळ्यात तो ओल पिऊन ११ टक्क्यांवर गेला, तर एका क्विंटलचं वजन १०२ किलोंच्या वर जातं. कागदोपत्री याला साठवणुकीतली वाढ म्हणतात आणि ती सरकारी हिशेबात धरलेली असते. पण त्याचीच दुसरी बाजू अशी की किड्यांनी क्विंटलमागं दोन किलो खाल्ले तरी काटा १०० किलोच दाखवतो. वजन भरलं म्हणजे माल शाबूत आहे, असं म्हणता येत नाही. तांदळाचं उलट होतं. तो ओला घेतलेला असतो आणि सुकून वजन गमावतो. तिथं प्रामाणिक गोदामपालही तुटीत दिसतो.

आता कीड. गव्हात आणि तांदळात आपल्याकडं मुख्यतः तीन-चार प्रकारचे किडे असतात. सोंडे, म्हणजे सोंड असलेला छोटा काळपट किडा, दाण्याला भोक पाडून आत अंडं घालतो. दाणे पोखरणारा भुंगेरा आतून दाण्याचं पीठ करतो. तांबडा भुंगेरा स्वतः सबंध दाणा फोडू शकत नाही, पण फुटलेल्या दाण्यांवर आणि पिठावर जगतो. म्हणून थप्पीच्या तळाशी पोत्याखाली पिठाची रेघ दिसली की आतमध्ये कोण काम करतंय ते कळतं. चौथा खापरा. या भुंगेऱ्याचं नावच हिंदुस्थानी आहे आणि जगभर त्याच नावानं तो बदनाम आहे. त्याची केसाळ अळी वाईट परिस्थितीत फटीत शिरून खाण्याशिवाय वर्षानुवर्षं पडून राहू शकते. बाकीच्या किड्यांना ओल हवी असते, ९ टक्के कोरड्या गव्हात सोंड्यांचं बस्तान नीट बसत नाही. खापऱ्याला मात्र कोरडेपणाचं काही वाटत नाही. त्यामुळं धान्य वाळवलं की कीड लागत नाही ही गोष्ट निम्मीच खरी आहे. रिकाम्या गोदामातल्या भिंतीच्या भेगा आणि जुनं बारदान हे त्याचं माहेर. नवीन गहू जुन्या बारदानात भरला तर किडीला आमंत्रण देण्याची गरजच नाही, ती आधीच आत असते.

यावरचा उपाय म्हणजे धुरी. थप्पीला चारही बाजूंनी, वरून खाली, प्लास्टिकच्या चादरीनं झाकायचं. चादरीच्या कडा फरशीवर पसरून त्यावर वाळू भरलेल्या लांब पिशव्या, सापासारख्या, घट्ट ठेवायच्या. आत ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या कापडी पिशव्यांत वा तबकांत ठेवायच्या. प्रमाण टनाला तीन गोळ्या. आपल्या १५० टनांच्या थप्पीला ४५० गोळ्या. प्रत्येक गोळी तीन ग्रॅमची, हवेतल्या ओलीशी संयोग होऊन ती एक ग्रॅम फॉस्फीन वायू सोडते. म्हणजे इतक्या मोठ्या ढिगासाठी वायू जेमतेम ४५० ग्रॅम. तो सगळ्या दाण्यांच्या आतपर्यंत पोचतो, पण त्याला वेळ लागतो. साधारण सात दिवस चादर उघडायची नाही. काढताना माणसांनी आधी बाहेर थांबायचं, दारं-खिडक्या उघडी ठेवायची. या वायूला लसणासारखा वास येतो, पण वास आला नाही म्हणजे वायू नाही असं समजायचं नाही. पेवाचा कंदील आठवावा.

किंबहुना हे पेवच आहे. पोत्यानं धान्य उघडं केलं, ते आठवड्यापुरतं पुन्हा बंद करायचं. पेवात हवा कमी पडून किडे मरत, इथं त्या हवेत विष सोडलेलं असतं. दोन्हीचं यश एकाच गोष्टीवर अवलंबून असतं, ते म्हणजे झाकण किती घट्ट आहे.

फॉस्फीन ज्या किड्याला मारतं ते चालत्या-फिरत्या अवस्थेत चटकन मरतात. अंडी आणि कोष मात्र टिकाव धरतात, कारण त्यांचा श्वास मंद असतो. त्यांना मारायला वायूचं प्रमाण वाढवून उपयोग नाही. थोडा वायू पण पुष्कळ दिवस, असं करावं लागतं. चादरीला भोक असेल, वाळूची पिशवी एका कोपऱ्यात सरकली असेल, तर दोन-तीन दिवसांत वायू निघून जातो. फिरणारे किडे मेलेले असतात, तपासनीस नमुना पाहून ‘निर्मळ’ असं थप्पीच्या कार्डावर लिहितो आणि तीनेक आठवड्यांत कोषांतून नवी पिढी बाहेर येते. मग पुन्हा धुरी. पुन्हा अर्धवट. जी थोडी बहुत वाचतात तीच पुढच्या पिढीची आई-बाप होतात. १९७२-७३ साली जागतिक अन्न व कृषी संघटनेनं जगभरच्या किड्यांची चाचणी घेतली, तेव्हाच फॉस्फीनला दाद न देणारे किडे काही देशांतून सापडले होते आणि त्यांत भारत होता. औषध निष्प्रभ होण्याचा दोष गोळीचा कमी आणि फाटक्या चादरीचा जास्त.

धुरी हा उपाय नेहमीचा नसतो. दर पंधरवड्याला नमुने काढून पाहायचं, किडे जिवंत सापडले तरच धुरी. मधल्या काळात भिंतींवर, पोत्यांच्या बाहेरच्या बाजूंवर मॅलेथिऑनची फवारणी, पंधरा दिवसांनी एकदा, म्हणजे शेजारच्या थप्पीतून येणारा किडा वाटेतच मरावा.

आता एक साधी गोष्ट लक्षात घ्या. चादर जमिनीवर पसरायला थप्पीच्या भोवती मोकळी जागा लागते. फवारायला माणूस फिरला पाहिजे. आधी आलेला माल आधी बाहेर जायला हवा, तर जुनी थप्पी दाराकडं जाणाऱ्या वाटेवर हवी. म्हणून गोदामाच्या फरशीवर चुन्यानं किंवा रंगानं आखणी केलेली असते. मध्ये मोठी वाट, थप्प्यांमध्ये छोट्या वाटा. या वाटा म्हणजे वाया गेलेली जागा असं बाहेरून आलेल्या माणसाला वाटतं. क्षमतेपेक्षा जास्त माल आला की पहिला बळी त्यांचाच जातो.

२००१ साली नेमकं हेच झालं होतं. त्या वर्षी जुलैत सरकारी साठा सुमारे ६ कोटी टनांवर गेला. राखीव साठ्याच्या नियमानुसार तेव्हा २ कोटी ४३ लाख टन पुरेसं होतं. राजस्थानात सलग दुष्काळ होता, माणसं उपाशी होती, आणि जयपूरजवळच्या गोदामांतलं धान्य आत मावेना म्हणून बाहेर पावसात भिजत होतं. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संस्था त्यावरूनच सर्वोच्च न्यायालयात गेली आणि तो खटला अन्नाच्या हक्काचा खटला म्हणून इतिहासात गेला. त्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. मला इथं फक्त गोदामाच्या बाजूनं पाहायचं आहे. नियमाच्या अडीचपट माल आला की वाटा बुजतात. वाटा बुजल्या की चादर नीट लागत नाही, जुनी थप्पी नव्यामागं अडकते, आणि मालगाडी लागली की जे पुढं आहे तेच भरलं जातं. म्हणजे नवा गहू जातो, जुना तिथंच राहतो, आणखी एक पावसाळा काढतो. या सगळ्यात एकट्या गोदामपालाला चोर ठरवणं सोपं आहे, पण खरा निर्णय दिल्लीत झालेला असतो. खरेदी किती करायची आणि रेशनवर किती भावानं किती सोडायचं, हे थप्पीवर काम करणारा ठरवत नाही. त्या वर्षांत दारिद्र्यरेषेवरच्या लोकांसाठी रेशनचा भाव इतका चढवला होता की ते घेतच नव्हते. गहू बाहेर जाण्याची वाट बंद होती, आणि आत येण्याची उघडी.

२०१०च्या ऑगस्टमध्ये तोच प्रश्न पुन्हा आला. धान्य सडू देण्यापेक्षा भुकेल्यांना वाटा, असं न्यायालयानं सांगितलं. कृषिमंत्री तेव्हा शरद पवार होते. त्यांनी त्याला सूचना म्हटलं, तर न्यायालयानं महिनाअखेरीस स्पष्ट केलं की तो आदेश होता, सूचना नव्हे.

या मधल्या काळात पंजाबात मोग्याला दोन लाख टनांचे पोलादी बुरूज उभे राहिले. त्यात गहू पोत्याशिवाय, मोकळा ओततात. खालून वारा देता येतो, तापमान जागोजागी मोजता येतं, आणि बुरूज बंद करून धुरी दिली तर वायू जायला फाटकी चादर नसते. पण पोत्यात आलेला गहू त्यात घालायला पोती फोडावी लागतात, आणि रेशन दुकानात जाताना पुन्हा भरावी लागतात. दुकानापर्यंतची सगळी साखळी पोत्याच्या मापाची आहे.

गेल्या काही वर्षांत जगातल्या छोट्या शेतकऱ्यांसाठी आणखी एक चीज आली आहे, हवाबंद पिशवी. बाहेर नेहमीचं पोतं, आत जाड प्लास्टिकचं अस्तर. धान्य कडकडीत वाळवून भरायचं, हवा दाबून काढायची, तोंड पिळून घट्ट बांधायचं. आतले किडे उरलेला प्राणवायू वापरून मरतात, गोळी लागत नाही. अस्तराला दाणे पोखरणाऱ्या भुंगेऱ्यानं आतून भोक पाडलं तर सगळं व्यर्थ, म्हणून दोन अस्तरंही घालतात. ओला माल भरला तर आत बुरशी धरते. आणि रोजच्या भाकरीसाठी तोंड सोडून शेरभर काढत बसलं, तर महिन्याभरात सोंडे पुन्हा चालू लागतात. त्यासाठी घरात वेगळा डबा ठेवावा लागतो.